वाकड्या फोटोतलं पान वाचण्याआधी

गोडा मसाल्याचं एक पान. रेघी वही, निळी शाई आता फिकी पडलेली. डावीकडे जिनसांची नावं, उजवीकडे मापं, तीही जुन्या पद्धतीनं लिहिलेली: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, ॥। म्हणजे पाऊण. पानाच्या मधोमध हळदीचा मोठा डाग. वही ओट्यावर उघडी ठेवून, खुर्चीत बसल्या बसल्या घरातल्या कुणीतरी फोनवर फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यामुळे पानाची वरची कड अरुंद दिसते, खालची रुंद. संपूर्ण पान किंचित कललेलं आहे आणि खालच्या अर्ध्या भागावर फोन धरलेल्या हाताची सावली पसरली आहे.

जुन्या हस्तलिखित वह्या टंकून देण्याचं काम मी करते, आणि येणारे बहुतेक फोटो याच जातीचे असतात. फोटो आला की दोन बोटांनी तो मोठा करून वाचायला लागावंसं वाटतं. पण असं वाचताना आपण सावलीतल्या भागात अंदाज करायला लागतो. एकदा मनानं 'जिरे' वाचलं की तिथं 'मिरे' असण्याची शक्यता डोळा पुन्हा तपासत नाही. म्हणून वाचायला बसण्याआधी दोन कामं करायची: आधी पान सरळ, मग सावली दूर. क्रम हाच. पान सरळ झालं की एक सेंटिमीटर म्हणजे किती ठिपके हे पानभर सारखं होतं, आणि सावली काढताना लागणारी सगळी मापं त्यावरच ठरतात.

फोटो नुसता फिरवून पान सरळ होत नाही. फिरवल्यानं कललेपणा जातो, पण वरची कड अरुंद ती अरुंदच राहते. कॅमेरा पानावर तिरका धरला की पानाचा लांबचा भाग लहान उमटतो आणि जवळचा मोठा. आयताचा असा वेडावाकडा चौकोन झालेला असतो आणि त्याचा पुन्हा आयत करायचा असतो. त्यासाठी लागणारं गणित सुदैवानं फार मागत नाही. सपाट कागदाचा तिरका फोटो आणि समोरून काढलेला फोटो यांचं नातं आठ संख्यांत मावतं. पानाचे चार कोपरे फोटोत कुठे आहेत हे सांगितलं की प्रत्येकाचे दोन, असे आठ आकडे मिळतात आणि हिशेब पुरा होतो. अट एकच: कागद सपाट हवा.

आपल्या पानाचे आकडे पाहू. फोटो ३००० ठिपके रुंद आणि ४००० उंच आहे. ठिपके डावीकडून आणि वरून मोजायचे. वरचा डावा कोपरा (७२०, ६८०) वर आहे, वरचा उजवा (२२६०, ७२०) वर, खालचा उजवा (२७००, ३४४०) वर आणि खालचा डावा (३००, ३३६०) वर. म्हणजे पानाची वरची कड सुमारे १५४० ठिपके लांब आहे आणि खालची सुमारे २४००. प्रत्यक्षात दोन्ही कडा सतरा सेंटिमीटरच्या. पट्टीनं मोजलं तर पान १७ सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच भरतं.

ही पट्टी महत्त्वाची आहे. सरळ केलेलं पान किती रुंद आणि किती उंच काढायचं, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. अनेक साध्या प्रोग्रॅममध्ये समोरासमोरच्या कडांपैकी लांब असेल ती घेतात. इथं तसं केलं तर रुंदी २४०० आणि उंची २७५५ येते, म्हणजे रुंदीच्या सव्वापटीहूनही कमी. खरं पान रुंदीच्या दीडपटीहून उंच आहे. तिरक्या फोटोत पानाची उंचीसुद्धा चेपली गेलेली असते आणि ते चेपणं या हिशेबात जसंच्या तसं राहतं. परिणामी पान दिसायला अगदी आयताकृती, पण अक्षरं चारात एक भागाहून जास्त बुटकी. वेलांट्या आडव्या फाकतात, उकार ओळीला चिकटतात. बघणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याचं अक्षरच तसं असेल. म्हणून खरी मापं हाती असतील तर तीच वापरायची. मी इंचाला ३०० ठिपके धरते, म्हणजे सेंटिमीटरला ११८. सतरा सेंटिमीटरचे २००६ ठिपके, सत्तावीसचे ३१८६. मापं माहीत नसतील तर फोटो पाठवणाऱ्याला विचारायचं. वही घरात आहे, पट्टीही असतेच.

सरळ करण्यानं जे होत नाही तेही इथंच सांगायला हवं. आपल्या वहीत दोन रेघांमध्ये आठ मिलिमीटर अंतर आहे. मूळ फोटोत खालच्या कडेजवळ हे अंतर सुमारे १२० ठिपक्यांचं आहे, तर वरच्या कडेजवळ जेमतेम ५० चं. सरळ केल्यावर दोन्ही ठिकाणी ते ९४ ठिपके होतं. खालच्या ओळी थोड्या आवळल्या जातात, त्यांचं काही बिघडत नाही. वरच्या ओळी मात्र जवळजवळ दुप्पट ताणल्या जातात, आणि मधले ठिपके शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरलेले असतात. फोटोत जे टिपलंच गेलं नाही ते सरळ करून उगवत नाही. म्हणून सरळ केलेलं पान खाली टोकदार आणि वर मऊ, पुसट दिसतं. वरच्या पुसट ओळीतलं अक्षर लागत नसेल तर ते शाईचं दुखणं नसून अंतराचं आहे, हे ओळखता आलं पाहिजे. माझा ठोकताळा असा: मूळ फोटोत वरच्या आणि खालच्या रेघांमधल्या अंतरात दुपटीहून जास्त फरक असेल तर पान सरळ करून काम सुरू करावं, पण नवा फोटो मागवूनही ठेवावा.

कोपरे फोनमधली स्कॅनची सोय स्वतःच शोधते. गुगल ड्राइव्हमध्ये ती आहे, आयफोनच्या नोट्समध्येही आहे. आतून ती चित्रातल्या ठळक कडा शोधते आणि त्यांतून बसणारा मोठा चौकोन निवडते. ओट्याचा ग्रॅनाइट काळा असेल तर पांढरं पान त्यावर उठून दिसतं आणि काम झटक्यात होतं. पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या पानाची कड तिला सापडत नाही. उघड्या वहीत तर वेगळाच घोटाळा होतो. वरच्या पानाच्या कडेखालून थप्पीतल्या बाकीच्या पानांच्या कडा डोकावतात, आणि चौकोन त्या थप्पीच्या कडेवर जाऊन बसतो. काही वेळा दोन्ही पानं मिळून एकच चौकोन धरला जातो. म्हणून चारही कोपरे मोठे करून पाहायचे आणि चुकलेले बोटानं ओढून जागेवर आणायचे. पानाचा कोपरा दुमडलेला असेल तर दोन्ही कडा मनानं पुढे वाढवून त्या जिथं मिळतील तिथं खूण ठेवायची, दुमडीवर नाही.

पान खरंच सरळ झालं का हे वहीच सांगते. छापलेल्या रेघा ही आयती मोजपट्टी आहे. सरळ केलेल्या चित्रात वरच्या, मधल्या आणि खालच्या दोन-दोन रेघांमधलं अंतर मोजायचं. तिन्हीकडे ९४ च्या आसपास आलं तर ठीक. रेघा सरळ आहेत पण वरून खाली अंतर हळूहळू वाढत जातंय, तर कोपरे चुकले आहेत. रेघा एका बाजूला वरच्या कडेकडे आणि दुसऱ्या बाजूला खालच्या कडेकडे झुकताहेत, तर एकच कोपरा चुकलाय. आणि रेघा पानभर सरळ असून शिवणीजवळ येताच वाकत असतील, तर कोपऱ्यांचा काही दोष नाही. तिथं कागदच सपाट नाही.

शिवणीजवळची ही कमान चार कोपऱ्यांच्या हिशेबाबाहेरची आहे. जाडजूड वहीत शिवणीकडचे दोन-तीन सेंटिमीटर पान खाली वळतं. तिथली अक्षरं आडवी चेपली जातात आणि ओळी खाली घसरतात. यावरही उपाय शोधले गेले आहेत. मॅट झकर यांनी २०१६ साली एक प्रोग्रॅम खुला केला. तो ओळींच्या वाकण्यावरून कागदाची कमान किती आहे याचा अंदाज बांधतो आणि पान उलगडून सपाट करतो. ओळी भरगच्च असतील तर तो चांगला चालतो, पण पाककृतीच्या पानावर शिवणीजवळ ओळीला दोन-दोनच शब्द असतात आणि कमान ओळखायला आधार पुरत नाही. मला सोपा वाटतो तो दुसरा मार्ग. एका वेळी एकच पान धरायचं, समोरच्या पानाखाली पुस्तकांची थप्पी लावून वही काटकोनाहून थोडी जास्त उघडी ठेवायची आणि टिपायचं पान मात्र ओट्यावर सपाट टेकवायचं. वही पूर्ण उघडून दाबण्यापेक्षा यात शिवणीवर ताणही कमी येतो, आणि जुन्या वहीची शिवण फार ताण सोसत नाही.

पान सरळ झालं, आता सावली. इथं बहुतेक जण पहिल्यांदा ब्राइटनेस वाढवतात. त्यानं सावलीतला कागद उजळतो खरा, पण उजेडातला कागद आणि त्यावरची फिकी शाई दोन्ही पांढऱ्यात बुडतात. दुसरा मोह काळ्या-पांढऱ्याचा: एक हद्द ठरवायची, तिच्याहून गडद ते काळं आणि बाकीचं पांढरं. हे का फसतं ते आपल्याच पानावर दिसतं.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ० ते २५५ असा मोजतात. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आपल्या पानावर उजेडातला कागद २२० आहे आणि त्यावरची फिकी शाई १३२. सावलीतला कागद ११०, तिथली शाई ६६. हद्द कुठेही ठेवून पाहा. उजेडातली शाई काळी व्हायला हद्द १३२ च्या वर हवी, आणि सावलीतला कागद पांढरा राहायला ती ११० च्या खाली हवी. दोन्ही एकदम होणं शक्यच नाही. सावलीतला कोरा कागद उजेडातल्या शाईपेक्षा गडद आहे. हद्द १४० ला ठेवली तर पानाचा खालचा अर्धा भाग काळा ठिक्कर होतो. ९० ला ठेवली तर वरची यादीच नाहीशी होते. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली मांडलेली, हद्द आपोआप निवडण्याची पद्धत आजही सर्रास वापरली जाते. पण तीही साऱ्या चित्राला एकच हद्द लावते, त्यामुळे अशा पानावर तिचाही इलाज चालत नाही.

आता तेच आकडे दुसऱ्या बाजूनं पाहू. उजेडात शाई १३२ आणि कागद २२०: भागाकार ०.६. सावलीत शाई ६६ आणि कागद ११०: भागाकार पुन्हा ०.६. सावली आली म्हणून शाईचा आणि कागदाचा आपसातला हिस्सा बदलत नाही. तिथं येणारा प्रकाश निम्मा झाला, म्हणून दोघांकडून परत येणारा उजेडही निम्माच झाला. म्हणून सावली वजा करायची नसते, तिनं भागायचं असतं. वजाबाकीत उजेडात ८८ चा फरक मिळतो आणि सावलीत ४४ चा, म्हणजे सावलीतली अक्षरं निम्म्यानं फिकीच राहतात. भागाकारानंतर दोन्हीकडची शाई सारखी गडद होते आणि कागद दोन्हीकडे पांढरा. फोनचा कॅमेरा उजळपणाच्या आकड्यांवर स्वतःचे संस्कार करतो, त्यामुळे प्रत्यक्षात भागाकार इतका नेमका जुळत नाही, पण वाचण्यापुरता पुष्कळ जुळतो.

अडचण एकच. अक्षराच्या जागी कागद दिसत नाही, शाई दिसते. मग तिथं कागद किती उजळ होता हे कळणार कसं? शेजारच्या कोऱ्या जागेवरून. पेनाची रेघ अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपल्या मापात सहा ते नऊ ठिपके. सावली त्या मानानं कितीतरी मोठी असते. प्रत्येक ठिपक्याभोवती पंचवीस ठिपक्यांची, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरची खिडकी धरायची आणि तिच्यातला सर्वांत उजळ ठिपका घ्यायचा. पेनाची रेघ या खिडकीपेक्षा बारीक असल्यानं खिडकीत कुठे ना कुठे कोरा कागद येतोच आणि अक्षरं विरून जातात. मग तेवढ्याच खिडकीतला सर्वांत गडद ठिपका घेऊन पसरलेला उजेड परत जागेवर आणायचा, नाहीतर सावलीच्या कडेनं काळी किनार उमटते. शेवटी हे चित्र थोडं गुळगुळीत करायचं. हाती येतं ते शाई नसलेलं, नुसतं सावलीचं पान. मूळ पानाला या पानानं भागायचं.

संगणक हाताळणाऱ्यांसाठी दोन्ही कामं ओपनसीव्ही या मोफत साधनसंचात अशी होतात. पायथनमधून चालवायचं आहे आणि आकडे आपल्या पानाचे आहेत:

```python
import cv2
import numpy as np

img = cv2.imread("pan.jpg")
src = np.float32([[720, 680], [2260, 720], [2700, 3440], [300, 3360]])
dst = np.float32([[0, 0], [2005, 0], [2005, 3185], [0, 3185]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
flat = cv2.warpPerspective(img, M, (2006, 3186), flags=cv2.INTER_CUBIC)

gray = cv2.cvtColor(flat, cv2.COLOR_BGR2GRAY)
bg = cv2.morphologyEx(gray, cv2.MORPH_CLOSE, np.ones((25, 25), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
out = cv2.divide(gray, bg, scale=255)
cv2.imwrite("saral.png", out)
```

यात हातानं बदलायच्या गोष्टी दोनच: कोपऱ्यांचे आकडे आणि पंचवीसची खिडकी. `src` आणि `dst` मधले कोपरे एकाच क्रमानं हवेत. इथं वरच्या डाव्यापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिले आहेत. क्रम चुकला की पान आरशातल्यासारखं उलटं येतं किंवा पीळ पडल्यासारखं. खिडकी लहान पडली तर शीर्षकासारखी जाड अक्षरं सावलीच्या पानात उतरतात, आणि भागाकारानंतर त्यांच्या नुसत्या कडा उरतात, आतून ती पोकळ होतात. गिचमिड करून खोडलेल्या मजकुराचंही असंच होतं. 'गोडा मसाला' हे शीर्षक पोकळ दिसलं तर पंचवीसऐवजी एक्केचाळीस करून पाहायचं. उलट खिडकी फार मोठी झाली तर बोटाच्या सावलीसारख्या अरुंद सावल्या सुटून जातात. म्हणून `bg` हे चित्रही एकदा उघडून बघावं. त्यात अक्षराचा मागमूस दिसता कामा नये, आणि सावली मात्र जशीच्या तशी दिसली पाहिजे. इतकी सरळ तपासणी दुसरी नाही.

भागाकारालाही मर्यादा आहेत. दाट सावलीत कागद ४० वर आणि शाई २४ वर आलेली असेल तर दोघांत सोळाच पायऱ्या उरतात. भागाकार त्या सहापटीहून जास्त ताणतो, आणि त्याबरोबर कॅमेऱ्याचा रवाळपणाही तितकाच ताणला जातो. पान पांढरं होतं, पण सावली होती तो पट्टा वाळूसारखा दिसतो. तिथलं वाचन जपून करायचं. फ्लॅशच्या चकाकीवर तर काहीच चालत नाही. जिथं कागद आणि शाई दोन्ही २५५ ला जाऊन टेकले तिथं भागायला काही शिल्लक नसतं. सावली परवडते, चकाकी नाही.

हळदीचा डाग ही सावली नव्हे. त्याला रंग आहे आणि तोच आपल्या उपयोगी पडतो. प्रत्येक रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चित्रांचा बनलेला असतो. पिवळा डाग लाल उजेड जवळजवळ कागदाइतकाच परत पाठवतो, निळा मात्र शोषून घेतो. म्हणून निळ्या चित्रात हळदीचा डाग काळपट दिसतो आणि लाल चित्रात तो जवळपास नसतोच. निळ्या शाईचं उलटं: लाल चित्रात ती सर्वांत गडद दिसते. वरच्या ओळींमध्ये `gray` साठी सरळ लाल चित्रच घ्यायचं, `flat[:, :, 2]`, आणि डागाखालची 'सुंठ' आणि 'नागकेशर' वर येतात. लाल शाईच्या खुणा असतील तर त्या या चित्रात पुसट होतात. तेवढ्यासाठी हिरवं चित्र वेगळं पाहावं. तेलाच्या डागावर ही युक्ती चालत नाही. तेलानं कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरचं लिखाण पुढे दिसायला लागतं. फोटो काढतानाच पानामागे काळा कागद सरकवला तर मागची अक्षरं बरीच दबतात.

इथवर आलं की पान स्वच्छ, राखाडी, वाचनीय असतं, आणि माझ्या मते इथंच थांबावं. पुढे आणखी तीन गोष्टी करण्याचा मोह होतो, आणि तिन्ही मराठी पानाला महागात पडतात.

पहिली, ठिपके-डाग पुसण्याची. स्वच्छ करणाऱ्या चाळणीला धुळीचा कण आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. बॉलपेननं दिलेला अनुस्वार पाऊण मिलिमीटरचा असतो. इंचाला ३०० ठिपक्यांच्या पानावर तो आठ-नऊ ठिपके रुंद येतो आणि हलक्या चाळणीतून वाचतो. पण फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं आलेला असेल तर ४००० ठिपक्यांची उंची बरेचदा १६०० च्या आसपास उतरलेली असते, आणि पानाच्या वरच्या भागातला तोच अनुस्वार दोन ठिपक्यांचा उरतो. तिथं चाळणी फिरली की 'आंबा'चा 'आबा' होतो. पदार्थांच्या यादीत तो कळून येईल. नावागावांच्या यादीत कळणार नाही.

दुसरी, वहीच्या रेघा काढण्याची. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं रेघेला लटकतं. शिरोरेघ न देता वहीच्या छापील रेघेलाच शिरोरेघ मानून लिहिणारे खूप आहेत, आणि शिरोरेघ देणारेही ती बहुधा छापील रेघेवरूनच ओढतात. लांब आडव्या रेघा शोधून पुसणारा प्रोग्रॅम दोन्ही एकदम पुसतो. मग कुठे शब्द संपला आणि कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं, आणि रेघेला चिकटलेले मात्रांचे बुंधेही तुटतात. समासाची उभी रेघ काढताना तर मापांच्या रकान्यातला १॥ मधला दंड जातो. दीडाचा सव्वा होतो, दोन दंड गेले तर एक. मसाल्यात ही चूक चवीला कळते; उधारीच्या वहीत असती तर तिचे पैसे झाले असते. रेघा राहू द्याव्यात. डोळा त्यांना पाच मिनिटांत सरावतो.

तिसरी, काळं-पांढरं करण्याची. फोनच्या स्कॅनमध्ये हा फिल्टर बहुतेक वेळा असतो आणि परिणाम झेरॉक्ससारखा चकचकीत येतो. पण फिक्या शाईत एका अक्षराच्या जाडी-बारीकपणात माहिती असते. पेन कुठे उचललं, कुठली रेघ नंतर ओढून दुरुस्त केली, हे राखाडीच्या छटांतून दिसतं. 'घ' की 'ध' हे पुष्कळदा एका पुसट वळणावर ठरतं. काळं-पांढरं करताना ते वळण एकतर ठळक होतं किंवा नाहीसं होतं, आणि निर्णय आपण घेण्याआधीच होऊन बसतो. स्कॅनच्या सोयीत रंगीत किंवा राखाडी पर्याय निवडावा आणि मूळ फोटो शेजारी उघडा ठेवावा.

संगणकाकडून वाचून घेण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडंसं. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम मराठी वाचतो. एचपीमध्ये १९८५ पासून त्याचं काम सुरू झालं आणि २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. पानावरच्या ओळी शोधण्यासाठी तो आधी स्वतःच चित्र काळं-पांढरं करून घेतो आणि मुळात त्यासाठी ओत्सूचीच पद्धत वापरतो. म्हणजे सावलीचा फोटो तसाच दिला तर खालचं अर्धं पान त्याला काळा ठोकळा दिसतो आणि तिथं ओळी आहेत हेच त्याला कळत नाही. सरळ करून, सावलीनं भागून दिलेल्या पानावर ओळी तरी सापडतात. पण तो शिकला आहे छापील अक्षरांवर. छापील पाककृतीचं पुस्तक असेल तर एवढ्या तयारीनं तो चांगलं वाचतो. हस्ताक्षरावर तयारी कितीही केली तरी त्याच्या वाचनावर विसंबता येत नाही. गोडा मसाल्याचं पान माणसानंच वाचायचं आहे, आणि वरची सगळी खटपट माणसाच्या डोळ्यासाठी आहे.

एवढं करूनही वरच्या दोन-तीन ओळी पुसट राहिल्या किंवा शिवणीजवळची मापं लागली नाहीत, तर मी घरच्यांना निरोप पाठवते. तो असा असतो: "वही काळ्या किंवा गडद कापडावर ठेवा. खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईल असं बसा आणि डोक्यावरचा दिवा बंद करा, म्हणजे हाताची सावली पानावर पडणार नाही. फ्लॅश नको. एका वेळी एकच पान, आणि त्या पानामागे काळा कागद सरकवा. फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरा; काही फोनमध्ये कॅमेरा खाली वळवला की दोन अधिकची चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की फोन समतल झाला. फार जवळ येऊ नका. अर्ध्या मीटरवरून दुप्पट झूम करून काढा. पानाच्या चारही कडा फोटोत येऊ द्या आणि कडेला मोजपट्टी ठेवा. पहिल्या फोटोत जी बाजू वर होती ती आता तुमच्याकडे करून आणखी एक फोटो काढा. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा."